बारा चिंचोके आणि एक जुना फोन

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या खणातून दोन जुने फोन निघाले. एक माझा, एक नवऱ्याचा. माझी मुलगी मनू तेव्हा नुकतीच सहा वर्षांची झाली होती आणि दिवसातून दहा वेळा माझा फोन मागायची, "फोटो काढते" म्हणून. दोन फोटो काढून व्हायचे आणि तिसऱ्या मिनिटाला ती व्हिडिओ बघत बसलेली असायची. तेव्हा ठरवलं की हिला एक फोन द्यायचा, पण त्यातला फोन काढून घेऊन. हातात उरेल तो फक्त कॅमेरा.

आधी दोन्ही फोन काचेच्या टीपॉयवर उताणे ठेवले आणि एकेक कोपरा बोटानं हलकेच दाबून पाहिला. नवऱ्याचा फोन डुलत होता. नीट बघितलं तर एका कडेनं स्क्रीन केसभर वर आली होती. बॅटरी फुगली होती. असा फोन मुलाच्या हातात द्यायचा नाही, चार्जिंगलाही लावायचा नाही. तो तसाच दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिला. माझा फोन टेबलाला सपाट टेकत होता. त्याच्या मागे एकच कॅमेरा, १३ मेगापिक्सेलचा. सहा वर्षांच्या मुलीला तो भरपूर झाला.

फोन रिसेट करण्याआधी माझं गुगल खातं त्यातून काढलं. ते न काढता पुसापुशी केली तर पुढे कधीकधी फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसतो. सिम काढलं, वायफाय जोडलंच नाही, विमानाचं चिन्ह दाबून ठेवलं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद केलं. सिम नसलं की फोटोवर जागेची नोंद होत नाही असं मला वाटायचं. ते खरं नाही, जीपीएसला सिम लागत नाही. चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद केला, फ्लॅश बंद केला, फोटोचा आकार 4:3 ठेवला. लांबट आकाराच्या फोटोत कॅमेऱ्यानं टिपलेला वरचा-खालचा भाग वाया जातो आणि मुलांच्या फोटोत नेमकं तिथंच काहीतरी असतं. शेवटी सेटिंगमधल्या `Security` खाली `App pinning` सुरू केलं आणि पिन काढताना नंबर विचारण्याचा पर्यायही चालू केला. कॅमेरा उघडून तो पिन केला की पिन नंबर घातल्याशिवाय दुसरं काही उघडत नाही. आमच्या फोनवर तर काढलेला फोटोही बघता येईना, कारण गॅलरी हे वेगळं अॅप. आधी मला ती अडचण वाटली, पण ती तशीच राहू दिली. का ते पुढे सांगते.

दोरी गळ्यात घालायची नाही, मनगटात, हे नवऱ्यानं सुचवलं. घसरगुंडीवर गळ्यातली दोरी अडकू शकते. कव्हरच्या भोकातून गोफ ओवून मनगटापुरता फास केला.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की निम्म्या फोटोंच्या कोपऱ्यात तांबूस ढग आहे. ते तिचं बोट होतं. "लेन्सवर बोट येऊ देऊ नकोस" हे वीसदा सांगून उपयोग नव्हता, कारण फोटो काढताना लेन्स तिला दिसतच नाही. मग सासूबाईंच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक जाड, खड्याची टिकली लेन्सच्या शेजारी चिकटवली. बोटाला खडा लागला की बोट मागे घ्यायचं. दोन दिवसांत ढग गेला. बोट फिरून गेलेली लेन्स तेलकट राहते आणि दिव्याच्या फोटोत उजेडाचे फराटे येतात, म्हणून बाहेर पडताना जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं लेन्स पुसायची. ते काम तिचंच. शटर आवाजाच्या बटणावर घेतलं. पडद्यावरच्या गोलापर्यंत तिचा अंगठा पोचत नव्हता आणि पोचायला गेला की फोन कलंडायचा. बाजूचं बटण दाबताना दोन्ही हातांची पकड सुटत नाही.

पहिल्या चार दिवसांत तिनं चारशे बारा फोटो काढले. त्यातले कितीतरी एकाच पंख्याचे, कारण बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो निघतात हे तिला सापडलं होतं. मी ते बघत बसले आणि कंटाळले, आणि माझ्यापेक्षा ती आधी कंटाळली. पाचव्या दिवशी फोन सोफ्यावर पडून होता.

आमच्या लहानपणी वडिलांच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असायचा आणि सहलीत तो पुरवायचा म्हणजे केवढा विचार चालायचा, ते मला आठवलं. छत्तीस आकडा तिच्या वयाला फार मोठा. मी डब्यातून बारा चिंचोके काढले आणि तिच्या फ्रॉकच्या उजव्या खिशात घातले. एक फोटो काढला की एक चिंचोका डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की आजचं काम संपलं. घरात असलो तर खिशांऐवजी दोन वाट्या.

फरक त्याच संध्याकाळी दिसला. पहिला चिंचोका हलायला दहा मिनिटं लागली. ती जिन्यात गेली, शेजारच्यांच्या दारातल्या चपला बघितल्या, खाली बसली, उठली, पुन्हा बसली आणि मग एकच फोटो काढला. चिंचोका हलवायला मधे थांबावं लागतं, तेवढ्यात पुढचा फोटो कशाचा हे डोक्यात येत असावं. बटण दाबून धरणं आपोआप थांबलं, मला ते रागावून सांगावं लागलं नाही. आणि फोटो लगेच बघता येत नाही याचा फायदा इथं झाला. ती पडद्यावरचा मागचा फोटो बघत बसत नव्हती, समोरच्या गोष्टीकडे बघत होती. संध्याकाळी मी पिन काढायची आणि मग दोघी मिळून बाराच्या बारा बघायचो. बारा फोटो नीट बघून होतात. चारशे होत नाहीत.

नियम मी चारच ठेवले. चालताना फोटो नाही, आधी पाय थांबवायचे. गच्चीत आणि रस्त्याच्या कडेला मोठं कोणी सोबत हवं. सूर्याकडे कॅमेरा धरायचा नाही, कारण कॅमेऱ्याबरोबर डोळेही तिकडेच वळतात. आणि माणसाचा फोटो काढायचा असेल तर आधी "काढू का?" विचारायचं.

हा चौथा नियम सुरुवातीला मी नुसता सांगितला होता, तिला कळला नव्हता. तो कळला आबांमुळे. माझे सासरे दुपारी आरामखुर्चीत झोपतात, कवळी काढून ठेवतात. मनूनं त्यांचा तोंड उघडं असलेला फोटो काढला आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर तो निघाला. दीर हसले, मीही हसले. आबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले. रात्री जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण हसण्यात मी होते. नंतर मी मनूला शेजारी घेऊन विचारलं, "तू शाळेच्या नाटकात रडलीस, तेव्हाचा व्हिडिओ मी मावशीला दाखवला होता. आठवतं?" तिला आठवत होतं. ती आपणहून आबांकडे गेली आणि त्यांच्यासमोर आम्ही तो फोटो पुसला, हटवलेल्या फोटोंच्या पेटीतूनही. झोपलेल्याचा, अंघोळीतल्याचा, रडणाऱ्याचा फोटो नाही, हे तिनंच नियमात वाढवलं. पण आबा पुढे बरेच दिवस ती कॅमेरा घेऊन आली की वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचे.

मंडईत हा नियम वेगळ्या अर्थानं उपयोगी पडला. इथं साताऱ्यात आम्ही ज्यांच्याकडून पालेभाजी घेतो त्या मावशींना तिनं विचारलं, "काढू का?" त्या म्हणाल्या, "माझा नको बाई, भाजीचा काढ." मनू हिरमुसली, मग वाकली आणि कोथिंबिरीच्या जुडीच्या बुंध्याचा फोटो काढला, मुळांना माती लागलेली, सुतळी बांधलेली. त्या दिवसाच्या बारांमधला तो सगळ्यात चांगला होता. चांगला म्हणजे, त्यात काय दाखवायचं आहे ते विचारावं लागलं नाही.

आता एक फोटो सविस्तर सांगते, कारण तो घडताना मी शेजारी बसून होते. डिसेंबरातली रविवारची सकाळ. सासूबाई बाल्कनीच्या दाराशी वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या, पाठ दाराकडे. मनू हॉलमध्ये उभी राहून त्यांचा फोटो काढत होती. पहिला फोटो ती काढत असताना मी पडद्यावर बघितलं तर बाहेरचं आकाश आणि समोरची इमारत लख्ख, आणि आजी म्हणजे नुसती काळी सावली. मी म्हटलं, "यात आजीचा चेहरा दिसतोय का गं?" ती म्हणाली, "आजी काळी झाली." मी तिला पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवायला लावलं. आजी उजळली, पण मागचं दार दुधासारखं पांढरं झालं, कठडाही दिसेना. फोटो काढला, दुसरा चिंचोका गेला. कॅमेऱ्याला एकाच फोटोत झगझगीत ऊन आणि सावलीतला चेहरा दोन्ही धड सांभाळता येत नाही, निदान या जुन्या फोनला नाही. नव्या फोनमध्ये ते फोन स्वतःच सावरून घेतो, आणि शिकायला जुना फोन बरा असं मला वाटतं ते याचसाठी.

तिला हे शब्दांत सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, "उजेड आजीच्या कुठल्या बाजूला पडलाय, बोटानं दाखव." तिनं पाठ दाखवली. "मग तुला कुठं जावं लागेल?" ती आजीला वळसा घालून दाराच्या चौकटीशी गेली आणि म्हणाली, "आजी, इकडे वळ." सासूबाई वर्तमानपत्रासकट वळून बसल्या. आता उजेड मनूच्या पाठीमागून येऊन थेट आजीच्या चेहऱ्यावर आणि मेथीवर पडला. मनू उभीच होती, त्यामुळे फोटोत आजीचा अंबाडा आणि भांग जास्त, चेहरा कमी. ती स्वतःच खाली बसली, मग पोटावर झोपली. हनुवटी फरशीला, कोपरं जमिनीला टेकलेली. तिथून तिला जे दिसत होतं ते मला कधीच दिसलं नसतं. मेथीचा ढीग डोंगराएवढा, आणि त्यामागे आजीचे दोन हात.

सातवा फोटो हलला, कारण आजी देठ खुडत होती. आठवाही. तिनं आजीला थांब म्हटलं नाही, तीच थांबली. देठ मोडण्याआधी बोटं क्षणभर स्थिर होतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. नववा फोटो तेव्हाचा आहे. त्यात चेहरा नाही. अंगठा आणि तर्जनीत धरलेली काडी, हिरवट झालेली नखं, झिजलेली अंगठी, आणि अंगठीखाली बोटाला पडलेला वळ. तीन चिंचोके उरले होते ते तिनं तसेच ठेवले.

हललेल्या फोटोंबद्दल थोडं सांगते, कारण घरातल्या घरात मुलांचे बहुतेक फोटो याच एका कारणानं बिघडतात आणि आपण "हात हलवू नकोस" एवढंच म्हणतो. घरात उजेड कमी असतो, मग कॅमेरा उजेड गोळा करायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात जे हललं ते पुसट होतं. पण काय हललं ते फोटोच सांगतो. सगळंच फराट्यासारखं दिसलं तर हात हलला. फरशी स्पष्ट आणि फक्त मांजर पुसट असेल तर मांजर हललं. मागची भिंत स्वच्छ आणि पुढचं फूल धुरकट, तर फार जवळून काढला. तिन्हींवर उपाय वेगळे. हात हलत असेल तर कोपरं पोटाला चिकटवायची किंवा भिंतीला, खुर्चीला टेकायचं आणि श्वास सोडून झाला की बटण. मांजर हलत असेल तर त्याला खिडकीपाशी येऊ द्यायचं किंवा ते बसेपर्यंत वाट बघायची. फार जवळचं असेल तर मनूचं माप आहे "एक वीत लांब". तिची वीत साधारण १३ सेंटिमीटरची आहे आणि आमच्या फोनचा फोकस त्या अंतरावर नीट बसतो. आता ती पडद्यावर पुसट फोटो दिसला की स्वतःच सांगते, "हा माझा हात," किंवा "हा त्याचा."

बोटांच्या चिमटीनं मोठं करून फोटो काढायचा नाही, हे मी लावून धरलं. त्यानं फोटो जवळ येत नाही, नुसता मोठा होऊन खरखरीत होतो. जवळ हवंय तर पायांनी जा.

संध्याकाळी फोटो बघताना "छान" म्हणायचं मी सोडून दिलं. सोडायला जड गेलं, कारण तोंडात तेच येतं. पण सगळ्यालाच छान म्हटलं की तिला काहीच कळत नाही, आणि एखाद्यालाच म्हटलं की दुसऱ्या दिवशी ती तसेच बारा फोटो आणते. एकदा कुंडीतल्या गुलाबाला मी छान म्हटलं, तर आठवडाभर गुलाबच. त्यापेक्षा मी विचारते, "यात तू मला काय दाखवतेयस?" कधी उत्तर येतं, "मुंगी," आणि फोटोत मुंगी टाचणीच्या टोकाएवढी असते. मग आम्ही ठरवतो की उद्या मुंगीकडे खाली बसून जायचं. कधी उत्तर माझ्या कल्पनेपलीकडचं असतं. खुर्च्यांच्या पायांचा एक फोटो मी चुकून निघालेला समजून पुसायला निघाले होते. ती म्हणाली, "हे जंगल आहे, मी इथून येते-जाते." तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय एकही फोटो पुसत नाही आणि कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकत नाही. मेथीचा फोटो मी टाकायला निघाले तेव्हा ती "नको, तो आजीचा आहे" म्हणाली, आणि मी फोन बाजूला ठेवला.

रविवारी आठवड्याच्या फोटोंमधून ती तीन निवडते. निवडताना मी खोलीत थांबत नाही. महिन्याच्या शेवटी त्या बारांतले आवडतील तेवढे आम्ही केबलनं काँप्युटरवर घेऊन स्टुडिओतून चार बाय सहाच्या आकारात छापून आणतो.

पहिल्या खेपेला छापलेले फोटो बघून ती रडली. पाकिटातून आधी निघाला तो तिच्या मैत्रिणीचा फोटो, आणि मैत्रिणीच्या डोक्यावरचा कागदी मुकुट वरून कापला गेला होता. फोनमध्ये तो पूर्ण होता. मला वाटलं दुकानदाराची चूक. नंतर पट्टी घेऊन बसल्यावर उमगलं. आमचे फोटो 4:3 आकाराचे. सहा इंच रुंद छापायचे तर उंची साडेचार इंच हवी. कागद चारच इंच उंच. म्हणजे अर्धा इंच कुठंतरी जाणारच, आणि मशीन तो वरून पाव, खालून पाव असा कापतं. मुकुट होता नेमका त्या पाव इंचात. आता दुकानात देताना आम्ही सांगतो की फोटो न कापता पूर्ण बसवा, कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल. त्या पांढऱ्या पट्टीवर मनू फोटोचं नाव लिहिते. मेथीच्या फोटोवर तिनं लिहिलंय "आजीचं बोट". जंगलावर "जंगल".

हे फोटो स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चुंबकानं लावलेत, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. मला बघायला वाकावं लागतं.

मागच्या रविवारी दुपारी ती दोन वाट्या घेऊन हॉलमध्ये बसली होती, बाकीच्यांचे फोटो काढून झाले होते. आबा आतून आले. केस विंचरलेले, कवळी लावलेली, धुतलेला सदरा. आरामखुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं. मनूनं विचारलं, "आबा, काढू का?" ते म्हणाले, "काढ की." तिनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे, आणि खुर्चीच्या हाताला धरून म्हणाली, "थोडं उजेडाकडे वळा. आणि हलू नका हं, एकच चिंचोका उरलाय."